सातवी वाटी

मी ज्या कंपनीत सोळा वर्षं टायपिस्ट होते, तिथल्या शेअर खात्याची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ होती. एक टेबल, एक टाइपरायटर, दोन लोखंडी कपाटं आणि भागधारकांचं भलंमोठं रजिस्टर. ते उचलताना माझी कंबर दुखायची आणि मी रोज एकदा तरी त्याच्या नावानं बोटं मोडायची. आमचे सेक्रेटरी म्हणायचे, "बाई, त्या रजिस्टरला शिव्या देऊ नका. कंपनीचे खरे मालक त्यात राहतात." मी म्हणायचे, "मग मालकांना जरा हलक्या कागदावर राहायला सांगा."

कंपनी साधीच होती. स्कूटरला लागणारे पत्र्याचे भाग ठोकायचे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांना पुरवायचे. पण तिचे भागधारक साधे नव्हते, म्हणजे फारच साधे होते. साठच्या दशकात या भागातल्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, लोकांच्या हातात मोबदला आला. त्या सुमाराला आमच्या मालकांनी, म्हणजे ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत त्यांनी, चिखली, थेरगाव, वाकड अशा गावांतून शेअर विकले. वाकडला तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि तिथे कधी मजल्यावर मजले चढतील असं कुणी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी भांग चढली म्हटलं असतं.

शेअर विकायला थोरल्या साहेबांबरोबर घरोघर हिंडल्या त्या नर्सबाई. त्या सरकारी दवाखान्यात होत्या. या भागातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जन्मलेली, त्यामुळे कुठल्याही घरात त्या थेट चुलीपर्यंत जात. थोरल्या साहेबांच्या नातवाच्या वेळचं बाळंतपणही त्यांनीच केलं होतं. नर्सबाईंनी बायकांना सांगितलं, "शेअर घ्या. सगळा मोबदला लग्नात उडवू नका. आणि हे साहेब म्हणतात, पुढे आपलाही माणूस त्यांच्या बोर्डावर बसेल." थोरले साहेब शेजारी उभे राहून मान हलवत. बायकांनी कुणी पाच, कुणी दहा शेअर घेतले. नर्सबाईंनी स्वतः वीस घेतले.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं झाली आणि आपला माणूस काही बोर्डावर बसला नाही. नर्सबाई निवृत्त झाल्या, थेरगावात एक छोटं घर बांधून राहू लागल्या. दर वर्षी सर्वसाधारण सभेला मात्र त्या इरकली लुगडं नेसून, पिशवीत नोटीस घालून येत. त्यांच्यामागे पंधरा-वीस बायका आणि थोडे म्हातारे. कँटीनमध्ये सभा व्हायची, ठराव वाचले जायचे, हात वर व्हायचे, मग चहा आणि बटाटावडा. मी उपस्थितीच्या वहीवर अंगठे घ्यायची.

ज्या वर्षी हे सगळं सुरू झालं, त्या वर्षीच्या सभेत वाकडच्या एका आजींनी उभं राहून विचारलं, "त्या मागल्या शेडला वरीसभर कुलूप का हाय?" प्रश्न चांगला होता. आम्हालाही तो पडला होता. मागची नवी शेड बांधून झाल्यावर तिथे यंत्रं यायची होती, ती आली नव्हती आणि किल्ली कुणाकडे होती हे वॉचमनलाही माहीत नव्हतं. मंचावर थोरल्या साहेबांशेजारी त्यांचे मोठे चिरंजीव बसले होते. आता सगळा कारभार तेच बघत. ते हसले आणि म्हणाले, "आजी, चहा घ्या." सगळे हसले. आजीसुद्धा हसल्या आणि खाली बसल्या.

नर्सबाई हसल्या नाहीत. सभा संपल्यावर त्या माझ्या जिन्याखालच्या खोलीत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, मी या बायकांना शब्द दिलाय. तो मी बरोबर घेऊन मरायचं का?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मी तडक सेक्रेटरींकडे गेले आणि म्हटलं, "या बायकांनी कितीही हात वर केले तरी साहेबांच्या घरच्यांकडे शेअर जास्त. मग यांचा माणूस बोर्डावर येणार तरी कसा?"

सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या नियमावलीत एक कलम आहे. कुणी विचारतच नाही, म्हणून ते झोपलंय."

मग त्यांनी ते मला समजावलं आणि मी पुढे तेच पन्नास वेळा लोकांना समजावलं, म्हणून अजून पाठ आहे. एरवी कंपनीत एकेका संचालकासाठी वेगळं मत पडतं. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त शेअर, तो पहिली जागा जिंकतो, तोच दुसरी, तोच शेवटचीही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पण कायद्यानं कंपनीला मुभा दिली होती की आपल्या नियमावलीत लिहून ठेवा आणि किमान दोन तृतीयांश संचालक दर तीन वर्षांनी अशा पद्धतीनं निवडा की थोड्या शेअरवाल्यांनाही वाटा मिळेल. थोरल्या साहेबांनी कंपनी काढतानाच ते लिहून ठेवलं होतं. आमच्या बोर्डावर नऊजण. त्यातल्या सहा जागा एकदमच निवडायच्या आणि प्रत्येक शेअरला सहा मतं. ती सहा मतं वेगवेगळ्या सहा नावांना द्या, नाहीतर सगळी एकाच नावावर ओता, तुमची मर्जी. ज्यांना जास्त मतं, ते पहिले सहा निवडून आले.

"मग आजवर मतदान का झालं नाही?" मी विचारलं.

"दर वेळी सहा जागांना घरचीच सहा नावं येतात. सातवं नाव आलं, तर मोजायची वेळ येईल ना."

मग ते रजिस्टर उघडून बसले. एकूण शेअर सात हजार. घरच्यांचे आणि त्यांच्या गोतावळ्याचे पाच हजार नऊशे. आमच्या गावकऱ्यांचे अकराशे. सेक्रेटरींनी कागदावर मांडून दाखवलं. घरच्यांनी सगळी मतं सहा नावांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला पाच हजार नऊशे पडतील. आणि गावानं आपली सगळी मतं एका नावावर ओतली, तर सहा हजार सहाशे. "सहा जागा असल्या की सातव्या हिश्शाहून एक शेअर जास्त पुरतो. हजारावर एक. तुमच्याकडे अकराशे आहेत. पण ओतायला हवीत हं. सांडली तर गेलं."

पुढची निवडणूक त्याच्या पुढच्या वर्षीच होती. मधलं वर्ष नर्सबाई "दुसरं कुणीतरी शिकलेलं उभं करा" म्हणत राहिल्या आणि आम्ही त्यांचीच मनधरणी करत राहिलो. शेवटी सभेच्या बरोबर सोळा दिवस आधी त्या अर्ज घेऊन आल्या. मुदत चौदा दिवस आधीची होती. मी त्यांच्यासमोर कागदावर आवक शिक्का मारला, संमतीपत्रावर त्यांची सही घेतली आणि तो शिक्का मी जरा जोरातच मारला, हे कबूल करते.

दुपारी चिरंजीव तणतणत खाली आले. "हे काय काढलंय? ते कलम काढून टाका." सेक्रेटरी उभे राहिले. ते कधीही आवाज चढवत नसत. म्हणाले, "साहेब, नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, त्याची एकवीस दिवसांची नोटीस लागते. सभेला सोळाच दिवस राहिलेत. आणि बाईंचं नाव आता सगळ्या भागधारकांना कळवावं लागेल." चिरंजीवांनी अर्ज उचलून वाचला. मग हसून म्हणाले, "जाऊ द्या. ते काय सगळे एकाला मत देणार आहेत? आमच्या वडिलांना दिल्याशिवाय राहवणार नाही त्यांना." आणि निघून गेले. मला तेव्हा वाटलं, माणूस गुर्मीत बोलतोय. पण लोकांना तो माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होता.

रविवारी नर्सबाईंच्या ओसरीवर मी सगळ्यांना शिकवायला बसले. सेक्रेटरींनी बजावलं होतं, "मतदान कसं करायचं ते सांगणं आपलं काम. कुणाला करायचं ते सांगणं नाही." मी मान डोलावली आणि ओसरीवर पोहोचेपर्यंत विसरले. नर्सबाईंच्या घरातल्या सात वाट्या मी ओळीनं मांडल्या. सहा वाट्या घरच्यांच्या: थोरले साहेब, दोन मुलं, एक पुतण्या, एक बँकेतले स्नेही आणि जावई. सातवी नर्सबाईंची. प्रत्येकाच्या हातावर सहा शेंगदाणे ठेवले आणि म्हटलं, "हा तुमचा एक शेअर. द्या मतं."

चिखलीचे एक आबा होते. ज्यांच्या मोसंबीच्या बागेत आता गोदामं उभी होती. ते पहिले उठले. त्यांनी एकेक दाणा पुढच्या पाच वाट्यांत टाकला, सहावा नर्सबाईंच्या वाटीत टाकला आणि समाधानानं मिशीवर हात फिरवला.

"आबा, हे काय केलंत?"

"का? पुरलं तेवढ्या समद्यास्नी दिलं की."

"सगळ्यांना द्यायचं नाही. एकाच वाटीत सहाच्या सहा टाकायचे."

"आन् बाकीची काय म्हनतील?"

त्यांच्यामागून बायका उठल्या. त्यांचं तर विचारूच नका. हळदीकुंकवाला वाण लुटताना एखादी राहिली तर बोल लागतो, तशाच काळजीनं त्या प्रत्येक वाटीपाशी थांबत होत्या. वाकडच्या आजींनी जावयाच्या वाटीत दोन दाणे टाकले. मी म्हटलं, "आजी, जावयाला दोन कशाला?" तर म्हणाल्या, "जावई हाय त्यो. त्याला मान नको व्हय?" पहिली फेरी संपली तेव्हा थोरल्या साहेबांची वाटी शीग लागून भरली होती, जावयाची निम्मी आणि नर्सबाईंच्या वाटीत तळ दिसत होता. नर्सबाई खांबाला टेकून हसत होत्या. मला इतका राग आला की मी जावयाच्या वाटीतले शेंगदाणेच खाऊन टाकले.

मी ओरडले, "हे हळदीकुंकू नाही. हे लग्नाचं जेवण नाही. इथे कुणाला पंगतीतून उठवत नाही आहोत आपण. इथे एकाला बसवायचंय, आणि बसवायला जागाच थोडी आहे. सांडाल तर ते सहाही तेच बसतील आणि आजी, तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा चहा घ्याल."

चहाचं नाव काढल्यावर आजी गप्प झाल्या. दुसरी फेरी जरा बरी झाली. तिसऱ्या फेरीला नर्सबाईंची वाटी भरली. पण आबांनी तरी पाचच टाकले आणि सहावा मुठीत दाबून ठेवला. "त्यो कुठाय?" मी विचारलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, थोरल्या सायबांनी माझ्या पोरीच्या लग्नात पंगत वाढली हो. त्यांच्या वाटीत एक बी न्हाई टाकला तर बरं दिसंल का?" मी त्यांच्या मुठीतून तो दाणा काढून सातव्या वाटीत टाकला. आज तो प्रसंग आठवला की मला माझीच लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात थेरगावच्या बुद्धविहारात आणखी एक तालीम झाली. तिथली मंडळी बहुतेक कारखान्यांत कामाला, युनियनच्या निवडणुका पाहिलेली. एकगठ्ठा मत म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. तिथल्या एका फिटरनं मलाच विचारलं, "ताई, म्हणजे जिंकायचं नाही, एक सीट काढायची, असंच ना?" मी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्यांना सभेला येणं जमणार नव्हतं, त्यांनी आपल्या वतीनं मत द्यायचा अधिकार आबांच्या नावे लिहून दिला. ते कागद सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी कचेरीत यावे लागतात, ते मीच आबांना सायकलवरून दोनदा आणायला लावले.

सभेच्या दिवशी कँटीन भरलं होतं. गावच्या अकराशेपैकी एक हजार साठ शेअर हजर झाले. चाळीस शेअर एका वाड्यावरच्या सुतकामुळे आले नाहीत, आणि सुतकापुढे मी तरी काय बोलणार? मतपत्रिका मीच सायक्लोस्टाइल केल्या होत्या. वर भागधारकाचं नाव, शेअर किती, मतं किती, खाली सात नावं आणि प्रत्येकापुढे रिकामा चौकोन, शेवटी सही किंवा अंगठा. मोजायला थोरल्या साहेबांनी दोघांना नेमलं. एक वकील आणि दुसरे थेरगावचे निवृत्त पोस्टमास्तर, ते भागधारक होते. मी बेरजेच्या यंत्राचा दांडा फिरवायला.

घरच्यांना हे सगळं फारसं मनावर घ्यावंसं वाटलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाचे शेअर त्याच्या त्याच्या नावावर, त्यामुळे प्रत्येकानं आपापली पत्रिका भरली. सगळ्यांना सारखी मतं द्यायची असं घरात ठरलं होतं म्हणे. पण पत्रिका वाचताना मला घरातलं सगळं दिसायला लागलं. एका सुनेनं नवऱ्याला जास्त दिली होती. दुसरीनं तिच्या नवऱ्याला तिच्याहून जास्त. जावयाला बहुतेकांनी हात आखडता घेऊन दिली होती. आणि थोरल्या साहेबांच्या वाट्याला प्रत्येक पत्रिकेत जरा कमीच. त्यांना कोण पाडणार, असं प्रत्येकाला वाटलं असावं. त्यांची स्वतःची पत्रिका निघाली तेव्हा मी यंत्र थांबवलं. त्यांनी आपली मतं बाकीच्या पाचांना वाटली होती आणि स्वतःच्या नावापुढच्या चौकोनात एक आडवी रेघ ओढली होती.

गावच्या पत्रिका चांगल्या होत्या. एकेक आकडा सातव्या नावापुढे. फिटरच्या सगळ्या मंडळींनी तर सही करून खाली रेघसुद्धा मारली होती. पण मधेच आजींची पत्रिका आली: तीस मतांपैकी पंचवीस नर्सबाईंना, पाच थोरल्या साहेबांना. मग आबांची, तशीच. मग आणखी वीस-पंचवीस जणींच्या, तशाच. मी दात आवळून दांडा ओढत होते. आणि मग नर्सबाईंची पत्रिका आली. वीस शेअर, एकशे वीस मतं. स्वतःपुढे काही नाही. एकशे वीसच्या एकशे वीस थोरल्या साहेबांना.

मला रडू फुटलं. मी पोस्टमास्तरांना म्हटलं, "काका, ही बाई वेडी आहे." ते म्हणाले, "आकडा वाचा, बाई. आपण इथे मोजायला बसलोय."

सगळी बेरीज झाली. पोस्टमास्तरांनी ती दोनदा तपासली, वकिलांनी तिसऱ्यांदा. निकालाचा कागद थोरल्या साहेबांकडे गेला, कारण सभेचे अध्यक्ष तेच. त्यांनी चष्मा चढवला आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिला मोठा मुलगा. दुसरा धाकटा. तिसरी, सहा हजार पन्नास मतं, नर्सबाई. कँटीनच्या मागच्या बाजूला एकदम बांगड्या वाजल्या, टाळ्या पडल्या. आजींनी डोक्यावरचा पदर तोंडात धरला. चौथा पुतण्या, पाचवे बँकेतले स्नेही. इथे थोरले साहेब थांबले. मग वाचलं: सहावे ते स्वतः, पाच हजार आठशे नव्वद. पडले ते जावई, पाच हजार सातशे ऐंशी.

मी मागे भिंतीला टेकून मनातल्या मनात वजाबाकी करत होते. पाच हजार आठशे नव्वदातून एकशे वीस काढा. पाच हजार सातशे सत्तर. नर्सबाईंनी माझं ऐकलं असतं, तर त्या आल्याच असत्या, जरा जास्तच मतांनी. पण थोरले साहेब दहा मतांनी पडले असते, स्वतःच लिहिलेल्या कलमानं, स्वतःच्या जावयाच्या खाली. मी खाली बसले आणि कुणीतरी मला पाणी दिलं.

संध्याकाळी नर्सबाईंना फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी विचारलं, "बाई, ठरलं होतं ना? स्वतःला एकही नाही?"

त्या म्हणाल्या, "अगं, स्वतःच्या नावापुढे आकडा घालायची लाज वाटली. आणि मग म्हटलं, द्यायची कुणाला? त्यांना घरातलं कुणी देईलसं वाटेना."

"असं का वाटलं?"

"मंचावर त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं बघ. नातवाच्या वेळी मी त्या घरात तीन दिवस होते. तेव्हाही कुणी बघत नसे." मग पिशवी काखेत मारून म्हणाल्या, "तू मात्र फार ओरडतेस हं लोकांवर." आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागल्या.

त्यांना तीन वर्षं मिळाली. अशा पद्धतीनं निवडलेल्या संचालकाला मधेच बहुमताच्या ठरावानं काढता येत नाही, हेही सेक्रेटरींनी चिरंजीवांना मान खाली घालून, पण फार समाधानानं सांगितलं. तिसऱ्या वर्षी थोरले साहेब गेले. पुढच्या निवडणुकीच्या आधी घरच्यांनी विशेष ठराव आणून ते कलम नियमावलीतून काढून टाकलं. तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यांच्याकडे त्याहून जास्त होती. त्यांनी जे केलं ते कायद्याला धरूनच केलं, म्हणून मला अजून जास्त राग येतो. पुढे वीसेक वर्षांनी कायद्यात नवी सोय आली. छोट्या भागधारकांचा वेगळा संचालक, फक्त त्यांनीच निवडायचा, मोठ्यांनी त्यात मतच द्यायचं नाही. मी निवृत्त झाले होते. वर्तमानपत्रात वाचून मी हरखले आणि लगेच पुढे वाचलं की तो मोठ्या भांडवलाच्या, हजारभर छोटे भागधारक असलेल्या कंपन्यांसाठी, आणि तिथेही ठेवलाच पाहिजे असं नाही, ठेवता येईल. आमच्यासारख्या कंपनीला त्याचा काही उपयोग नव्हता. नर्सबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "चांगलं आहे. ओरडावं लागणार नाही तुझ्यासारखीला."

पण मला सांगायचंय ते त्यांच्या पहिल्या बोर्डाच्या सभेबद्दल. टिपणं घ्यायला सेक्रेटरींनी मला बरोबर नेलं होतं. लांब टेबल, हिरवं कापड, नर्सबाई एका टोकाला, दुसऱ्या टोकाला थोरले साहेब. नर्सबाईंनी लुगडं नवं घेतलं होतं आणि त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, परक्या घरी बसतात तशा. विषय संपत आले तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मागच्या शेडला कुलूप का आहे?"

चिरंजीवांनी घंटी वाजवली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला. चिरंजीव हसून म्हणाले, "बाई, आधी चहा तर घ्या."

नर्सबाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकत नव्हते, मी टिपणं घेणारी. त्यांचा हात कपाकडे निघाला होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून थोरले साहेब म्हणाले, "ट्रे बाहेर ने रे." शिपाई जागीच थांबला. साहेबांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाईंनी प्रश्न विचारलाय. किल्ली कुणाकडे आहे?"

चिरंजीवांनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाले, "जावईबापूंकडे. त्यांचा माल ठेवलाय तिथे."

"कुणाला विचारून?"

चिरंजीवांनी कागद मिटले. थोरले साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मुली, लिहून घे. या महिन्यात शेड रिकामी होईल आणि किल्ली कचेरीत येईल." मी लिहून घेतलं.

नर्सबाई सावकाश मागे सरकल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "आता चहा चालेल."